बेस केस आहे, स्टेप आहे, पण मधला सांधा?

आज इंडक्शनबद्दल बोलूया. व्याख्या कॉलेजात झालीच असेल, त्यामुळे थेट एक प्रूफ तपासायला घेऊ.

समजा तुमच्याकडे 3 रुपयांची आणि 5 रुपयांची तिकिटं आहेत, हवी तेवढी. दावा असा की 8 पासून पुढची कुठलीही पूर्ण रक्कम यातून जमवता येते. दावा खरा आहे. आता प्रूफ ऐका. बेस केस: 8 म्हणजे 3 अधिक 5. स्टेप: n च्या आधीच्या, 8 पासूनच्या सगळ्या रकमा जमतात असं धरा. मग n − 3 जमते, त्यात 3 चं एक तिकीट टाका, n झाली. संपलं.

वाचताना कुठे खटकत नाही ना? बेस केस बरोबर आहे, 3 चं तिकीट टाकणंही बरोबर आहे. पण n च्या जागी 10 घाला. प्रूफ म्हणतं, 7 जमते. 7 तर 8 च्या खाली, तिच्याबद्दल आपण काहीच धरलेलं नव्हतं. आणि ती जमतही नाही! 10 जमते ती 5 अधिक 5 अशी, या प्रूफशी तिचा काही संबंध नाही.

आपल्या कोडवाल्यांना हे लगेच दिसेल:

```
def jamav(n):
    if n == 8:
        return [3, 5]
    return jamav(n - 3) + [3]
```

`jamav(11)` नीट चालतं. `jamav(10)` मात्र 7, 4, 1, −2 असं खाली घसरत जातं आणि शेवटी `RecursionError`. म्हणजे स्टेप तीन-तीनच्या उड्या मारते आणि आपण पायरी एकच बांधली. 8, 9, 10 असे तीन बेस केस दिले, की 11 पासून n − 3 कधीच 8 च्या खाली जात नाही. मग प्रूफ पक्कं.

एकच बेस केस ठेवायचा असेल तर स्टेप बदला. मला ही जास्त आवडते. n वरून n + 1 वर जायचंय. 5 चं एक तरी तिकीट असेल, तर ते काढून 3 ची दोन ठेवा, एक रुपया वाढला. 5 चं नसेलच, तर 3 ची तीन काढून 5 ची दोन ठेवा, 9 चे 10 झाले. पण 3 ची तीन तिकिटं असतीलच कशावरून? रक्कम निदान 8 आहे आणि सगळी तिकिटं 3 चीच, म्हणजे ती 9 किंवा जास्तच. हे वाक्य लोक लिहायचं विसरतात, आणि खरा सांधा तिथेच आहे.

ते वाक्य गाळून बेस केस 5 चा घेऊन बघा. 5 वरून 6 मिळतात: 3 अधिक 3. 6 वरून 7 ला जाताना तीन तिकिटं काढायचीत, आणि हातात आहेत दोनच.