राग आलाय की चिडचिड होतेय?



स्वयंपाकघरातून भांड्यांचा जरा जास्तच आवाज यायला लागला की घरातलं कुणीतरी विचारतं, “काय गं, चिडलीस का?” आणि आपण कढईत झारा आपटत म्हणतो, “छे, मी कशाला चिडू?” गंमत म्हणजे त्या क्षणी आपण खोटं बोलत नसतो. छातीची धडधड वाढलेली असते, दात आवळलेले असतात, हात जोरात चालत असतात. राग शरीरात येऊन बसलेला असतो, फक्त मनाला त्याचा पत्ता लागलेला नसतो.

अंतोनियो दामासियो नावाचे मेंदूचे एक प्रसिद्ध अभ्यासक हाच फरक मांडतात. ते म्हणतात, शरीरात जी उलथापालथ होते ती भावना, आणि ती आपल्याला आतून जाणवते ते वाटणं. भावना आधी, वाटणं मागाहून. कधी कधी बऱ्याच मागाहून! सगळे अभ्यासक हे शब्द याच अर्थाने वापरतात असं नाही, पण आपल्या कामापुरता हा फरक पुरेसा आहे.

तिसरा शब्द मूड. तो ओळखायला आपली मराठीच मदत करते. एखादी म्हणाली, “मला राग आलाय,” तर आपण लगेच विचारतो, “कुणाचा?” भीती म्हटलं की “कशाची?” भावनेला असा कुणीतरी धनी असतो. पण तीच म्हणाली, “आज उदास वाटतंय,” किंवा “नुसती चिडचिड होतेय,” तर “कुणाची उदास?” असं विचारता येत नाही. “का गं?” एवढंच विचारता येतं, आणि त्यावर पुष्कळदा उत्तर येतं, “काय माहीत!” हा मूड. राग झटकन येतो आणि बहुधा लवकर ओसरतो. मूड मात्र तास न् तास, कधी दिवस न् दिवस मागे रेंगाळतो. आणि त्याची एक खोड आहे. त्याला धनी नसतो, म्हणून तो धनी शोधत फिरतो. जो समोर सापडेल, त्याच्या नावावर चढतो.

आमच्या ओळखीतल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. तिला विचारूनच सांगते आहे, नाव मात्र घेत नाही. एका मंगळवारी ती तणतणत आली. म्हणाली, “मी बचत गट सोडते. काल बैठकीत सचिवबाईंनी सगळ्यांसमोर माझा हप्ता काढला. इतका राग आलाय की त्या बाईचं तोंड बघायचं नाही.” सहा वर्षांचा गट, त्यात तिचं कर्ज चालू. सोडायचा म्हणजे सगळा हिशेब मिटवायला लागणार.

मी तिला एकच विचारलं, “ही धुसफूस कालच्या बैठकीत सुरू झाली की आधीपासून होती?” ती आठवत गेली. रविवारी मुलाने पेन्सिल हरवली म्हणून त्याला फटका दिला होता, एरवी ती हात उचलत नाही. शनिवारी दूधवाल्याशी वाजलं होतं. शुक्रवारपासून सासूबाईंचा खोकला वाढला होता. रात्री तीन-चार वेळा उठून गरम पाणी द्यायचं, शेकायचं. सलग चार रात्री धड झोप नाही. जबडा दुखतोय म्हणून दात दाखवायचा विचार चालला होता. दाताला काही नव्हतं, ती दिवसभर दात आवळूनच वावरत होती.

म्हणजे चिडचिड शुक्रवारची आणि सचिवबाई सोमवारच्या. मूड आधीच घरात होता, त्याला मग एक नाव सापडलं. “कुणाचा राग?” याऐवजी “कधीपासून?” हे विचारलं की असा उलगडा होतो.

या बाबतीत अमेरिकेतल्या नॉर्बर्ट श्वार्ट्‌झ आणि जेराल्ड क्लोर या दोघांनी १९८३ साली छापलेला एक प्रयोग माझ्या लक्षात राहिला आहे. त्यांनी लोकांना फोन करून विचारलं, एकूण आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? काही फोन उन्हाच्या दिवशी, काही पावसाळी दिवशी. पावसाळी दिवशी लोक आयुष्याबद्दलच कमी समाधानी निघाले. पण फोन करणाऱ्याने आधी सहज “तुमच्याकडे हवा कशी आहे?” असं विचारलं, तर हा फरक दिसेनासा झाला. हवेकडे लक्ष गेल्यावर लोकांनी मरगळ हवेच्या खाती टाकली, आयुष्याच्या नाही. पुढच्या मोठ्या पाहण्यांमध्ये हवेचा असा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. आणि आपल्याकडे पाऊस म्हटल्यावर कितीतरी जणी खूशच होतात! तरीही मूडचं खरं कारण नजरेस आलं की त्याची पकड सैल होते, हे मी माझ्यापुरतं अनेकदा पाहिलं आहे.

आता एक धोका. “मूड असेल तिचा,” “पाळी जवळ आली असेल,” असं म्हणून बाईचा खरा राग उडवून लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे. कधी आपणच आपल्याला तसं समजावतो आणि गप्प बसतो. म्हणून मी त्या मैत्रिणीला “तुझा राग खोटा आहे” असं म्हटलं नाही. म्हटलं, “दोन रात्री नणंदेला बोलाव, झोप काढ, आणि मग ठरव.” मूड गेल्यावर जे उरतं ते पाहायचं होतं. काहीच उरलं नाही, तर ती चिडचिड होती. उरलं, तर त्याला खरंच धनी आहे.

झोप होऊनही, घरात कसलाही ताण नसताना, मन पडलेलंच राहिलं तर मात्र ही युक्ती पुरत नाही. बहुतेक दिवसभर, जवळजवळ रोज, दोन आठवडे उदास वाटत असेल, आवडत्या गोष्टींत रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. रक्त कमी असणं किंवा थायरॉईडचा त्रास यानेही असं होतं, ते तपासून घेता येतं. जगणं नकोसं वाटू लागलं, तर दोन आठवड्यांची वाट पाहायची नाही. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

तर आमची मैत्रीण. गुरुवारी संध्याकाळी ती परत आली. नणंद येऊन राहिली होती, दोन रात्री सलग झोप झाली होती, जबड्याचं दुखणं गेलं होतं. गट सोडायची गोष्ट तिने काढलीच नाही. सचिवबाई दर महिन्याला त्याच शब्दांत हप्ता विचारतात, हे तिलाही आठवलं. पण एक गोष्ट उरली होती. थकलेल्यांची नावं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात, ते तिला शांत डोक्यानेही खटकत होतं. दुसऱ्या एका बाईचं नाव वाचलं तेव्हाही खटकलं होतं, त्या वेळी ती चांगली झोपलेली होती.

पुढच्या बैठकीत तिने हे मांडलं. आवाज न चढवता. थकबाकी वहीत दाखवावी आणि ज्या त्या बाईला बाजूला घेऊन विचारावी, एवढंच तिचं म्हणणं होतं. थोडी कुरकुर झाली, सचिवबाई म्हणाल्या, “मला दुप्पट काम.” पण गटाने मान्य केलं. मुलाला नवी पेन्सिल तिने त्याआधीच आणून दिली होती.