‘आपण’ आणि ‘आम्ही’
(हीरकमहोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या पुष्कळ मुलामुलींची लग्ने हिंदी बोलणाऱ्या घरांत झाली. त्यामुळे सायंकाळच्या माझ्या मराठी वर्गात सुना अधिक आणि जावई थोडे, अशी पटसंख्या असते. वर्गात हिंदीचा एक शब्दही उच्चारावयाचा नाही, चूक झाली तर मराठीतच दुरुस्त करावयाची, हा नियम मी अनेक वर्षे पाळला. तो मी कोठे व का मोडला, एवढेच आज सांगणार आहे.

आपल्याच एका माजी विद्यार्थ्याची पत्नी वर्गात होती. तिने पुण्याच्या सासूबाईंना फोनवर सांगितले, “आई, दिवाळीला आम्ही सगळे पंढरपूरला जाऊ.” सासूबाईंना वाटले, आपल्याला वगळले. चार दिवस त्या नीट बोलल्या नाहीत. तिने ते वाक्य वर्गात सांगितले तेव्हा मी नियमाप्रमाणे म्हटले, “आपण सगळे जाऊ.” तिनेही लगेच “आपण सगळे जाऊ” असे म्हटले. मला वाटले, काम झाले.

पंधरा दिवसांनी ती म्हणाली, “बाई, पुढच्या सोमवारी आपण येणार नाही, भोपाळला लग्न आहे.” क्षणभर मला कळेना की वर्गाला सुट्टी कोणी दिली! खोदून विचारल्यावर उलगडा झाला. वडीलधाऱ्यांसमोर ‘आम्ही’ म्हणणे उद्धटपणाचे व ‘आपण’ म्हणणे अदबीचे, असा तिने माझ्या दुरुस्तीचा अर्थ लावला होता. हिंदीतील ‘आप’ तिच्या कानात होताच. शिवाय मराठीतही आदराने समोरच्याला ‘आपण’ म्हणतातच. तेव्हा तिचा तर्क वेडगळ मुळीच नव्हता.

हिंदीच्या ‘हम’मध्ये ऐकणारा धरला आहे की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठी मात्र तेथे दोन शब्द वापरते. जो भेद आपल्या भाषेत शब्दाने दाखवावा लागत नाही, तो नुसत्या दुरुस्त वाक्यातून ओळखू येणे कठीण. मी अखेर हिंदीत एकच वाक्य बोलले, “मेरे साथ जाओगी तो ‘आपण’, मुझे छोड़कर जाओगी तो ‘आम्ही’.” ती हसली आणि म्हणाली, “म्हणून आई रागावल्या होत्या!”

याच वर्गातील गुजराती बाईंना हे समजावण्याची गरज कधी पडली नाही. त्यांच्याकडे ‘आपणे’ आणि ‘अमे’ आहेतच. तमिळ भाषिकांकडेही ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’ ही जोडी आहे. त्यांना मराठी शब्द ऐकवला की पुरे होते. शिकणाऱ्याला स्वभाषेतून स्पष्टीकरण हवे की नको, हे पुष्कळदा त्याच्या स्वभाषेवरच ठरते.

मात्र यावरून सर्वच चुका हिंदीतून समजावाव्यात, असे कोणी समजू नये. हिंदी भाषिक हमखास म्हणतात, “मी पुस्तक वाचली.” शब्द दोन्हीकडे तोच; हिंदीत स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. मराठीत तिसरे लिंग आहे, हे एकदा हिंदीत सांगून झाले की पुढे समजावण्यासारखे फारसे उरत नाही. ‘पुस्तक’ नपुंसकलिंगी का, याला उपयोगी पडेल असे उत्तर माझ्याजवळ नाही. तेथे कानाला व जिभेला वळणच लागावे लागते, आणि ते मराठीतूनच लागते.

तेही कसे, याला महत्त्व आहे. मी “हो का, पुस्तक वाचले?” असे सहज म्हटले, तर शिकणारा “हो” म्हणून पुढे जातो, त्याला तो होकार वाटतो, दुरुस्ती वाटत नाही. कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांविषयी रॉय लिस्टर व लायला रांटा यांनी १९९७ साली हेच नोंदवले. शिक्षक सर्वाधिक वेळा चुकीचे वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणत, आणि त्याच दुरुस्तीला मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद मिळे. म्हणून मी आता विचारते, “ती पुस्तक की ते पुस्तक?” आणि थांबते. थांबणे मला फार जड जाते, पण “ते... वाचले” हे शब्द शिकणाऱ्याच्याच तोंडून निघावे लागतात.

दोहोंपैकी काय निवडावे, हे ओळखण्यासाठी मी एक प्रश्न ठेवला आहे. दुरुस्ती केल्यावर विचारावे, “मी शब्द का बदलला?” उत्तर बरोबर असेल, तर हिंदीची गरज नाही. उत्तर ‘अदब’ असे भलतेच आले, तर हिंदीत एक वाक्य, फार तर दोन, बोलावे आणि लगेच मराठीत परतावे. न परतल्यास काय होते, तेही मी अनुभवले आहे: पाच मिनिटांत सगळा वर्ग हिंदीत गप्पा मारू लागतो आणि घड्याळात आठ वाजतात.

त्या सूनबाई त्यानंतरही तीनचार वेळा चुकल्या. प्रत्येक वेळी मी मराठीतच विचारले, “कोण कोण?” तेवढ्याने त्या स्वतःच शब्द बदलीत. पुढच्या दिवाळीआधी त्यांनी पुण्याला पुन्हा फोन केला. सासूबाईंनी प्रथम विचारले म्हणे, “आपण, की तुम्ही दोघंच?”