लोकलच्या स्प्रिंगवर छर्‍यांचा मारा

अंधेरी किंवा घाटकोपरला गर्दी लोकलमध्ये शिरली, की चाकांवरच्या कॉइल स्प्रिंगा दबतात. गर्दी उतरली, की सैल होतात. हे दिवसभर चालतं. ताण स्प्रिंगच्या पृष्ठभागाशी सर्वाधिक असतो, म्हणून तडाही बहुधा तिथूनच सुरू होतो.

यावर उपाय म्हणजे शॉट पीनिंग. स्प्रिंग बनवतानाच तिच्यावर बारीक पोलादी छर्‍यांचा वेगवान मारा करतात. प्रत्येक छरा इवलासा खळगा पाडतो. वरचा थर पसरू पाहतो, खालचं पोलाद त्याला आवरून धरतं. त्यामुळे मिलिमीटरच्या काही दशांश जाडीचा तो थर कायम दाबाखाली राहतो आणि तडा सहजी उघडत नाही.

मार्‍याचा जोर मोजायला ७६ मिलिमीटर लांबीची आल्मेन पट्टी घट्ट बसवून एकाच बाजूने छरे मारतात. सोडवल्यावर पट्टीला बाक येतो. तो बाक म्हणजेच जोराचं माप. शिवाय स्प्रिंगवर कोरी जागा उरली नाही ना, हे भिंगातून तपासतात.

मात्र गंजाचा खड्डा या थरापलीकडे गेला, तर संरक्षण संपलं. म्हणूनच देखभालीत स्प्रिंगचा उडालेला रंग आणि त्याखालचा गंज बारकाईने पाहावा लागतो.