अतिथि ह्या शब्दाचा अर्थ
(ज्युबिलीनिमित्त ब्राझिलहून आलेल्या धर्मगुरूंच्या स्वागतप्रसंगीं केलेलें भाषण)

ब्राझिलहून आलेले आदरणीय बंधु-धर्मगुरु हो, आणि आमच्या वसईच्या ह्या धर्मग्रामांतील प्रिय बंधुभगिनींनो,

मंडपाच्या दारावर आमच्या मुलांनीं 'अतिथींचें स्वागत असो' अशी पाटी लाविली आहे. दुभाषानें आपणांस ह्या शब्दाचा अर्थ 'ऑस्पेद' असा सांगितला असेल. तें भाषांतर खोटें नाहीं. परंतु पुरेंही नाहीं. तेव्हां स्वागताच्या ह्या चार शब्दांत त्या एका शब्दाचाच उलगडा करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

'तिथि' म्हणजे आमच्या पंचांगांतील चांद्र दिवस. ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अ-तिथि, असा अर्थ लोक सामान्यतः करितात. मनुस्मृति निराळें कारण देते: जो एकच रात्र राहतो, ज्याचें राहणें नित्य नव्हे, तो अतिथि. शब्दशास्त्रज्ञ हा शब्द 'अत्', म्हणजे भटकणें, ह्या धातूशीं जोडितात. व्युत्पत्ति कोणतीही घ्या, चित्र एकच दिसतें. न सांगतां आलेला, वाट चालून थकलेला आणि उद्यां निघून जाणारा मनुष्य दारीं उभा आहे. तैत्तिरीय उपनिषदांत शिष्यास जो उपदेश आहे, त्यांत माता, पिता व आचार्य ह्यांच्या मागोमाग अशाच मनुष्यास देवासमान मानण्यास सांगितलें आहे.

ह्या दृष्टीनें पाहतां, आदरणीय बंधु हो, आपण काटेकोर अर्थानें अतिथि नव्हां! आपल्या येण्याची तारीख आम्हांस पत्रानें कळली होती, आणि तांदूळ कालच निवडून झाले आहेत. ओळखीच्या व अपेक्षित माणसास आम्ही 'पाहुणा' म्हणतों. आपण आमचे पाहुणे आहांत. तरी मान मात्र अतिथीचाच घ्यावा.

त्या मानाची रीत थोडक्यांत सांगतों, म्हणजे आपला घोटाळा होणार नाहीं. घरांत पाऊल टाकतांच आपणांस प्रथम पाणी मिळेल. पूर्वीं पाय धुण्यास व पिण्यास असें दोन्ही देत असत. पाणी होईपर्यंत 'काय काम काढलें?' असें विचारणें अशिष्टपणाचें समजतात. जेवतांना आग्रह होईल. पहिलें 'नको' हें संकोचाचें समजून कोणी मानणार नाहीं, आणि ताट रिकामें दिसलें कीं पुन्हां वाढतील. खरोखरच पुरे झालें असेल, तर ताटावर हात आडवा धरावा. ही खूण सर्व घरांत समजते. आमच्या भगिनींनींही ती खूण दिसतांच थांबावें. त्यापुढें वाढणें हा आग्रह नव्हे, तो अन्नाचा व पाहुण्याचा छळ आहे. निघतांना 'जातों' म्हणूं नये, 'येतों' म्हणावें. आम्ही उत्तरादाखल 'या' म्हणूं. वियोगाच्या क्षणींच पुनर्भेटीचें बोलणें व्हावें, हा त्यांतील भाव.

आतां आपल्या शब्दाकडे वळूं. 'ऑस्पेद' हा लॅटिन 'होस्पेस'पासून निघाला, आणि लॅटिनमध्यें तो शब्द यजमान व पाहुणा ह्या दोघांसही लागतो. ही दुहेरी ओळख आपल्या व आमच्या गांवांनीं पूर्वींच अनुभविली आहे. संत गोन्सालो गार्सिया हे ह्या वसईचे पुत्र. पिता पोर्तुगीज, माता ह्या देशची. त्यांनीं १५९७ सालीं नागासाकी येथें क्रूसावर प्राण दिले. पुढें १७४५ सालीं आपल्या रेसिफे नगरांतील मिश्र वंशाच्या लोकांनीं, हा हुतात्मा आपल्यासारखाच दोन रक्तांचा आहे असें जाणून, त्यांचा मोठा उत्सव केला. तेथें वसई पाहुणी होती व ब्राझिल यजमान. आज पाळी फिरली आहे.

परंतु, बंधुभगिनींनो, आपल्या स्वागतांत आमची परीक्षा नाहीं. पत्र पाठवून आलेल्या धर्मगुरूंस कोण पाणी देणार नाहीं? परीक्षा आहे ती परप्रांतांतून कामाच्या शोधांत आलेल्या, भाषा न येणाऱ्या, भरदुपारीं ओटीवर टेकणाऱ्या मजुराच्या वेळीं. त्याची तिथि कोणासच ठाऊक नसते. शब्दाच्या खऱ्या अर्थानें अतिथि तोच. संत मत्तयाच्या शुभवर्तमानांत, पंचविसाव्या अध्यायीं, न्यायाच्या दिवशीं प्रभु ज्या परक्याचा हिशेब मागतात, त्यास लॅटिन बायबलांत हाच 'होस्पेस' शब्द योजिला आहे. त्या मजुरास आम्ही आधीं पाणी देतों कीं आधीं 'काय काम आहे?' असें विचारतों, ह्यावरून आमचा आतिथ्यधर्म ओळखावा.

आदरणीय पाहुणे हो, आम्हां सर्वांतर्फे आपणांस एवढेंच म्हणतों: या, बसा, पाणी घ्या.