पिवळ्या पेट्या आणि एक खोटी तूट

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बऱ्याच जणांनी फॉर्म्युले लिहून मागितले होते, ते जसेच्या तसे खाली दिलेत. बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात अडीच हजार रुपयांपासून करूया.

एका पतसंस्थेच्या शाखांसाठी मी रोजच्या रोख शिलकीची एक एक्सेल शीट बनवून दिली होती. नाव घेत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. शीट एकदम साधी. B कॉलममध्ये नोटेची किंमत, C मध्ये किती नोटा आहेत ती संख्या, D मध्ये दोघांचा गुणाकार. पाचव्या ओळीत पाचशेच्या नोटा, सहाव्या ओळीत दोनशेच्या, सातव्या ओळीत शंभरच्या, असं करत अकराव्या ओळीत नाणी. D12 मध्ये बेरीज. त्याखाली C15 ते C17 मध्ये आरंभीची शिल्लक, दिवसभराची जमा आणि दिवसभराचा खर्च. शेवटी D19 मध्ये फरक: तिजोरीत मोजलेली रक्कम वजा पुस्तकातली रक्कम. फरक शून्य आला की शाखा बंद करून घरी जायचं.

एका संध्याकाळी एका शाखेतल्या कॅशियर ताईंचा फरक शून्य येईना. पुस्तकाप्रमाणे शिल्लक हवी होती २,२०,५०० रुपये. शीट दाखवत होती २,१८,०००. म्हणजे २,५०० रुपयांची तूट. ताईंनी तीनदा नोटा मोजल्या. शाखाधिकाऱ्यांनी एकदा मोजल्या. रात्रीचे नऊ वाजले. शेवटी ताईंनी पर्समधून पाचशेच्या पाच नोटा काढून तिजोरीत ठेवल्या, C5 मधला आकडा पाचने वाढवला, फरक शून्य झाला, आणि त्या घरी गेल्या. कॅश कमी पडली की कॅशियरने भरायची, ही पद्धत तुम्हाला माहीत असेलच.

तूट नव्हतीच! आदल्या दिवशी गडबडीत कोणीतरी शंभरच्या नोटांपुढे, D7 मध्ये, थेट रक्कम टाइप केली होती: १६,२००. म्हणजे तिथला फॉर्म्युला पुसला गेला आणि त्याच्या जागी साधा आकडा बसला. दुसऱ्या दिवशी तीच फाइल कॉपी करून नवीन तारीख टाकली. ताईंनी C7 मध्ये बरोबर १८७ नोटा भरल्या, म्हणजे व्हायला हवे होते १८,७००. पण D7 आता गुणाकार करतच नव्हता. तो १६,२०० वरच अडून बसला. फरक बरोबर २,५००.

काही दिवसांनी मुख्य कार्यालयाची अचानक रोख तपासणी झाली, तेव्हा तिजोरीत पैसे जास्त निघाले. ताईंना त्यांचे पैसे परत मिळाले. पण मधले काही दिवस त्या माणसाने 'आपल्या हातून पैसे गेले कुठे' याच विचारात काढले, ते कोण परत देणार? मी शीट देताना म्हणाले होते, "फक्त C कॉलम भरा, बाकी कशाला हात लावू नका." तोंडी सूचना. शीटने स्वतः काहीच अडवलं नव्हतं.

मग मी ती नीट बनवली. कशी, ते सांगते. आणि नंतर ती नीट बनवलेली शीटसुद्धा कुठे फुटली, तेही सांगते. कारण खरी गंमत तिथे आहे.

कुलूप उलटं लावायचं असतं

पहिल्यांदा करणारे जवळपास सगळे इथे अडखळतात. आपल्याला वाटतं, फॉर्म्युल्याच्या पेट्या निवडायच्या आणि त्यांना लॉक करायचं. पण एक्सेलमध्ये प्रत्येक पेटी आधीपासूनच लॉक असते. कोऱ्या शीटमध्येसुद्धा. फक्त शीट प्रोटेक्ट करेपर्यंत त्या लॉकचा काही परिणाम होत नाही. समजा, शाळेच्या सगळ्या वर्गांना विजेवर चालणारी कुलपं बसवली आहेत, पण मेन स्विच बंद आहे. स्विच चालू केला की एकदम सगळे वर्ग बंद. म्हणून आधी जे वर्ग उघडे हवेत त्यांचं कुलूप काढायचं आणि मगच मेन स्विच दाबायचा.

तर क्रम असा. `Ctrl` दाबून ठेवून भरायच्या पेट्या निवडा. माझ्या शीटमध्ये तारखेची C2, नोटांच्या C5 ते C11 आणि C15 ते C17. एकूण अकरा. मग `Ctrl+1` दाबा, `Protection` टॅबमध्ये जा आणि `Locked` समोरची खूण काढा. पेट्या निवडलेल्याच आहेत तोवर त्यांना फिकट पिवळा रंग द्या. शाखेला एकच वाक्य सांगायचं: पिवळं तेवढं भरा.

आता `Review > Protect Sheet`. पासवर्ड विचारतो, आणि खाली एक मोठी यादी येते, की प्रोटेक्ट केल्यावर लोकांना काय काय करू द्यायचं. सुरुवातीला फक्त पहिल्या दोन गोष्टींवर खूण असते: `Select locked cells` आणि `Select unlocked cells`. मी पहिलीवरची खूणसुद्धा काढते. मग बंद पेटीवर क्लिकच होत नाही, कर्सर पिवळ्यातून पिवळ्यातच फिरतो. बाकी ओळी वाढवणं, काढणं, फॉरमॅट बदलणं, यातल्या कशावरही खूण करायची नाही, म्हणजे मांडणी जागेवर राहते. फक्त त्याआधी कॉलम पुरेसे रुंद करून घ्या. नाहीतर मोठी रक्कम आली की `#####` दिसतं आणि शाखेला कॉलम ताणताही येत नाही.

शेवटी `Review > Protect Workbook`. त्याने शीटचं नाव बदलणं, शीट डिलीट करणं, नवीन शीट घालणं बंद होतं. शीट प्रोटेक्ट केली म्हणून हे आपोआप होत नाही, वेगळं करावं लागतं.

झालं! D7 वर आता कोणी आकडा टाइप करू शकत नाही. मी खूश होते. मग फोन सुरू झाले.

पहिला फोन: "मॅडम, काल भरता येत होतं, आज येत नाही"

एका शाखेत पिवळी पेटीच बंद पडली होती. मला वाटलं, पासवर्ड कोणाला तरी कळला. तसं काही नव्हतं. त्यांनी नोटांची संख्या दुसऱ्या एका एक्सेल फाइलमध्ये लिहिली होती आणि तिथून कॉपी करून इथे पेस्ट केली होती. साध्या पेस्टमध्ये नुसता आकडा येत नाही, त्या पेटीचं फॉरमॅटही सोबत येतं. आणि आत्ताच पाहिलं ना, प्रत्येक पेटी मुळात लॉक असते. ते लॉकही फॉरमॅटचाच भाग आहे. म्हणजे पेस्ट करणाऱ्याने नकळत आपल्या उघड्या पेटीला कुलूप घातलं. पहिल्यांदा आकडा बसतो, पण दुसऱ्यांदा बदलायला गेलं की पेटी ऐकत नाही.

ओळखायचं कसं? पिवळा रंग गेलेला दिसला तर समजायचं. खात्री करायची असेल तर बंद भागात कुठेतरी आधीच हे लिहून ठेवा:

```
=CELL("protect",C7)
```

उत्तर 0 आलं तर पेटी उघडी, 1 आलं तर बंद. बंद झाली असेल तर मुख्य कार्यालयाने प्रोटेक्शन काढून परत `Locked` ची खूण काढायची. आणि शाखेला सांगायचं, की पेस्ट करायचंच असेल तर फक्त व्हॅल्यू पेस्ट करा: `Ctrl+Alt+V`, मग `V`, मग एंटर.

पेस्टचा अजून एक त्रास आहे. मी `Data Validation` लावून ठेवलं होतं, की नोटांची संख्या शून्य किंवा त्याहून मोठी पूर्ण संख्याच हवी. हाताने टाइप केलं तर ते बरोबर अडवतं. पेस्ट केलं तर अडवत नाही.

दुसरा फोन: "सगळीकडे काहीतरी रेफ-रेफ आलंय"

याने मला खरंच चक्रावलं. लॉक असलेल्या फॉर्म्युल्यात `#REF!` आलं होतं. बंद पेटी बिघडली कशी?

झालं असं, की कॅशियरने शंभरच्या नोटांची संख्या चुकून दोनशेच्या ओळीत, C6 मध्ये लिहिली. लक्षात आल्यावर त्यांनी ती कट करून C7 मध्ये पेस्ट केली. दोन्ही पेट्या पिवळ्या, दोन्हीत हात घालायची परवानगी. पण कट-पेस्ट म्हणजे एक्सेलच्या लेखी पेटीच उचलून दुसरीकडे नेणं. मग C6 कडे बघणारा D6 चा फॉर्म्युला तिच्या मागोमाग जाऊन C7 कडे बघायला लागला. आणि मूळच्या C7 वर दुसरी पेटी येऊन बसली, म्हणून D7 चा धागाच तुटला. त्यात झालं `=B7*#REF!`. लॉक आपल्याला फॉर्म्युला बदलू देत नाही. एक्सेल स्वतः बदलतं, त्याला ते अडवत नाही.

लगेच लक्षात आलं तर `Ctrl+Z` पुरतं. कायमचा उपाय म्हणजे फॉर्म्युल्याला ठराविक पेटीचा पत्ता द्यायचा नाही. त्याला सांगायचं, "C कॉलममध्ये तुझ्याच ओळीत जे असेल ते घे":

```
=B7*INDEX(C:C,ROW())
```

आता C6 मधून C7 मध्ये काहीही हलवा, फॉर्म्युला पूर्ण कॉलमकडे बघतोय, त्यामुळे तुटत नाही. D5 ते D11 सगळीकडे हाच लिहिला.

आणि एक तपासणी

D7 वाला प्रसंग डोक्यातून जात नव्हता, म्हणून बेरजेशेजारी हेही टाकलं:

```
=IF(SUMPRODUCT(--ISFORMULA(D5:D11))=7,"OK","STOP")
```

सातही पेट्यांमध्ये फॉर्म्युला जिवंत असेल तर `OK`. एकात जरी साधा आकडा बसला तर `STOP`. एक्सेल २०१३ किंवा त्यानंतरचं लागेल. समजा कधी दुरुस्तीसाठी प्रोटेक्शन काढलं आणि परत लावायला विसरले, तरी हा पहारेकरी जागा राहतो. त्या रात्री हे असतं, तर नोटा मोजायच्या आधीच कळलं असतं की चूक तिजोरीत नाही, शीटमध्ये आहे.

आता मर्यादा. हे कुलूप चुकून लागणाऱ्या हातासाठी आहे, चोरासाठी नाही. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं, की शीट प्रोटेक्शन ही सुरक्षेची सोय नाही. ज्याला तोडायचंय तो तोडेल. फाइल कोणी उघडूच नये असं हवं असेल तर तो वेगळा पासवर्ड असतो, `File > Info > Protect Workbook > Encrypt with Password`. आणि पिवळ्या पेटीत कोणी मुद्दाम खोटा आकडा भरला, तर एकही कुलूप ते ओळखणार नाही. त्यासाठी माणसाने जाऊन तिजोरीच मोजावी लागते.

तुम्ही गूगल शीट्स वापरत असाल तर तिथे `Protect sheets and ranges` मध्ये पूर्ण शीट बंद करून `Except certain cells` ने पिवळ्या पेट्या सोडता येतात. विचार तोच: आधी सगळं बंद, मग मोजकं उघडं.

त्या ताई अजून त्याच शाखेत आहेत. नवीन शीट दिली तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी काय केलं माहितीये? D7 वर चार-पाच वेळा क्लिक केलं. कर्सर काही गेला नाही. मग म्हणाल्या, "हां, आता ठीक आहे."

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.