ढोराले खत चारतं का कोणी?
(आपल्या संघाच्या शेलूबाजार येथील मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मागच्या महिन्यात एका गटात मी युरियाचा विषय काढला, तर एक आजी मला म्हणाल्या, "पोरी, ढोराले खत चारतं का कोणी? मारतं का आमच्या गाईले?" सगळ्या हसल्या. पण आजींचा प्रश्न बरोबर होता. युरिया चुकला तर गाय मरते, तीही तासा-दोन तासांत. आणि नीट वापरला तर तोच युरिया गव्हाच्या कुटाराला चाऱ्याची किंमत आणतो. म्हणून आज दोन्ही बाजू सांगते.

आधी आजींना दिलेलं उत्तर सांगते. गाय युरिया खाऊन पोसत नाही. गाईच्या मोठ्या पोटात डोळ्याला न दिसणारे कोट्यवधी जंतू असतात. कडबा, कुटार तेच कुजवतात, पचवतात. त्यांना वाढायला नत्र लागतं. ढेपेतून, हिरव्या चाऱ्यातून ते मिळतं. गव्हाच्या कुटारात मात्र ते फारच कमी असतं. १०० किलो कुटारात प्रथिनं जेमतेम ३ किलो. म्हणून उन्हाळ्यात गाय पोटभर कुटार खाते आणि तरी तिच्या बरगड्या दिसतात. युरियात ४६ टक्के नत्र आहे. पोटात त्याचा अमोनिया होतो, जंतू तो घेतात, स्वतः वाढतात, आणि पुढे तेच जंतू गाईच्या पोटात पचून तिला प्रथिनं मिळतात.

सगळी गोम या अमोनियात आहे. हळूहळू सुटला तर जंतू तो वापरून घेतात. एकदम सुटला तर जंतूंना आवरत नाही, तो रक्तात जातो आणि गाईला विष होतो. आपण आज जे शिकणार आहोत, ते सगळं अमोनिया हळू सुटावा म्हणूनच आहे.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. ताईचं नाव आणि गाव सांगत नाही. तिने गटातून कर्ज काढून गाय घेतली होती. कुटारावर युरियाची प्रक्रिया करायची म्हणून तिने सगळं मापात घेतलं. ५० लिटर पाण्यात ४ किलो युरिया, टबात कालवला. मग ताडपत्री आणायला ती घरात गेली. तेवढ्यात गाय सुटली. उन्हाचे दिवस, तहानलेली गाय, समोर पाण्याचा टब. युरिया विरघळला की पाणी गार पडतं, हात घालून बघा कधी. गाईने ते गार पाणी गटागटा प्यायलं.

हिशेब करून बघू. ५० लिटरमध्ये ४ किलो म्हणजे दर लिटरला ८० ग्रॅम. गाय ५ लिटर प्यायली तरी ४०० ग्रॅम युरिया पोटात गेला. सवय नसलेल्या ३०० किलोच्या गाईला १०० ते १५० ग्रॅम एकदम गेला तरी ती आजारी पडू शकते, आणि ३०० ग्रॅमच्या पुढे जीव जाऊ शकतो. अर्ध्या तासात गाय थरथरायला लागली, तोंडाला फेस आला. घरच्यांना वाटलं पोट फुगलं, म्हणून तेल पाजत बसले. डॉक्टर येईपर्यंत गाय गेली. कर्जाचे हप्ते राहिले.

ताईचं माप चुकलं नव्हतं. एकच गोष्ट चुकली. कालवलेलं पाणी ढोराच्या तोंडापुढे राहिलं. म्हणून मी पद्धत जरा बदलून सांगते. टब भरून कालवायचंच नाही. बादली-बादलीने करायचं.

१०० किलो कोरडं कुटार घ्या. कोठ्यापासून दूर, जिथे ढोर पोचणार नाही अशा जागी, खाली प्लॅस्टिक अंथरा. कुटाराचे २० किलोचे पाच भाग करा. पहिला भाग पसरा. एका बादलीत १० लिटर पाणी घ्या, त्यात ८०० ग्रॅम युरिया टाका आणि एकही दाणा दिसेनासा होईपर्यंत ढवळा. मग झारीने सगळीकडे सारखं शिंपडा, खालीवर करा, पायाने तुडवून दाबा. बादली पूर्ण रिकामी झाली की मगच दुसरी कालवा. असे पाच थर, पाच बादल्या. झाले १०० किलो कुटाराला ५० लिटर पाणी आणि ४ किलो युरिया. शेवटी बादली आणि झारी धुवा, आणि ते धुतलेलं पाणीही ढिगावरच टाका.

८०० ग्रॅम एकदा किराणा दुकानात मोजून घ्या, एका जुन्या डब्यात ओतून जिथपर्यंत येतं तिथे खूण करा. तो डबा परत स्वयंपाकघरात न्यायचा नाही. अंदाजाने मूठभर हा प्रकार नको. मूठ सासूची वेगळी, सुनेची वेगळी.

मग ढीग ताडपत्रीने झाका आणि कडा मातीने लिंपून घ्या. हवा गेली तर अमोनिया उडून जातो आणि बुरशी येते. २१ दिवस उघडायचं नाही. या दिवसांत युरियाचा अमोनिया होतो, तो कुटारात मुरतो आणि कुटार मऊ पडतं. १०० किलोत ३ किलो प्रथिनं होती, ती ७ किलोच्या आसपास जातात. खर्च किती? ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. म्हणजे ४ किलोला साधारण २४ रुपये.

बावीसाव्या दिवशी एका बाजूने उघडा. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास आला आणि रंग पिवळसर तपकिरी झाला, तर काम जमलं. वासच नाही आणि पांढरी-काळी बुरशी दिसली, तर हवा गेली होती. ते कुटार उकिरड्यावर टाका, चारू नका. उद्याला लागेल तेवढंच आज संध्याकाळी काढा, रात्रभर पसरून ठेवा म्हणजे उग्र वास निघून जाईल, आणि बाकीचा ढीग परत झाका.

आता सवयीचं सांगते. इथे आपण घाई करतो. पहिले दोन-तीन दिवस फक्त १ किलो, नेहमीच्या चाऱ्यात मिसळून. पहिल्या दिवशी गाय हुंगून तोंड फिरवते, तिला उपाशी ठेवून जबरदस्ती करू नका. दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवत न्या. दोन-तीन आठवड्यांत पूर्ण सुरू होईल. पोटातले जंतू एवढ्या वेळात त्या नत्राला सरावतात. आणि हे लक्षात ठेवा, दोन-तीन दिवस खंड पडला, लग्नाला गेलात किंवा गाय आजारी होती, तर सवय मोडते. परत १ किलोपासून सुरुवात करायची.

सोबत थोडा हिरवा चारा, थोडा ज्वारी-मक्याचा भरडा आणि खनिज मिश्रण हवंच. जंतूंना नत्र वापरायला ताकद लागते, ती भरड्यातून मिळते. ढेप कमी करता येईल, पण ढेप बंद करून फक्त युरियावर गाय दूध देणार नाही.

कोणाला नाही द्यायचं? सहा महिन्यांच्या आतल्या वासराला नाही, त्याच्या पोटात अजून ते जंतू तयार नसतात. आजारी, अशक्त, उपाशी ढोराला नाही. शेळ्यांनाही आपण घरच्या घरी नको. त्यांचं वजन कमी, जरा माप चुकलं तरी महागात पडतं.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे घरोघरी सोयाबीन. कच्च्या सोयाबीनच्या दाण्यात असा एक घटक असतो, जो युरिया झपाट्याने फोडतो. मग अमोनिया एकदम सुटतो. म्हणून ज्या ढोराला हे कुटार चालू आहे, त्याच्या भरड्यात कच्चं सोयाबीन नको. आणि सोयाबीनच्या किंवा तुरीच्या कुटाराला ही प्रक्रिया करायची गरज नाही. ही कृती गव्हाच्या कुटारासाठी आणि ज्वारीच्या कडब्यासाठी आहे.

सभेत एका काकूंनी विचारलं, "एवढा खटाटोप काहून? ढेपीतच चमचाभर युरिया टाकला तर?" काकू, कारखान्यात पशुखाद्यात युरिया टाकतात तेव्हा तो मशीनने सारखा मिसळतात. घरी पाटीत हाताने मिसळला की खाली खडे राहतात, आणि जी गाय शेवटी पाटी चाटते तिला सगळा युरिया जातो. ते आपण करायचं नाही.

शेवटी विषबाधा कशी ओळखायची. युरिया पोटात गेल्यावर वीस मिनिटं ते तासाभरात दिसायला लागतं. आधी ढोर बेचैन होतं, कान आणि तोंडाची कातडी थरथरते. मग लाळ, फेस, दात खाणं, जोरात श्वास, पोट फुगणं. चालताना झोकांड्या जातात, ढोर हंबरतं, पडतं, झटके येतात. नुसतं पोट फुगलं असेल तर अशी थरथर नसते. थरथर दिसली आणि जवळपास युरियाची गोणी किंवा बादली असेल, तर तेच समजा.

पहिलं काम, १९६२ वर फोन आणि आपल्या पशुसखीला निरोप. "युरिया खाल्ला असावा" हे शब्द फोनवर सांगा, म्हणजे डॉक्टर तयारीने येतील. दुसरं, ढोर उभं असेल आणि नीट गिळत असेल, तरच व्हिनेगर तेवढ्याच गार पाण्यात मिसळून बाटलीने हळूहळू पाजा. मोठ्या गाईला २ ते ४ लिटर व्हिनेगर लागतं. आंबट पदार्थाने अमोनिया रक्तात जायचा थांबतो, गार पाण्याने युरिया फुटायचा वेग कमी होतो. ढोर आडवं पडलं असेल, झटके येत असतील, तर काहीही पाजू नका. ते फुफ्फुसात जाऊन ढोर त्यानेच मरेल. अशा वेळी डॉक्टरच पोटात नळी घालून देतात.

घरी गेल्यावर आजच एक काम करा. युरियाची गोणी कुठे आहे ते बघा. कोठ्यात असेल, तोंड उघडं असेल, तर उचलून वर ठेवा. पेरणीच्या दिवसांत बैल फाटकी गोणी चाटतो, तेव्हाही हेच होतं, मग चारा प्रक्रियेचा विषय त्या घरात निघालेला असो की नसो.

ज्या गटाला पहिला ढीग लावायचा आहे, त्यांनी पशुसखीकडे नाव द्या. पहिल्या दिवशी मी स्वतः येते, पाचही बादल्या सोबत कालवू. आजी, तुम्ही पण या. तुम्ही बादलीवर लक्ष ठेवा.