स्लाइडमधल्या गळालेल्या पायऱ्या

दहा मिनिटं मिळाली आहेत आणि सांगायची गोष्ट एकच आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. मुलांना गणित सोडवून लिहून देताना, ती कुठं चुकतात ते त्या पायरीच्या आधी लिहा. गणित संपल्यावर तळाला लिहू नका. पुढं मी हेच पुन्हा पुन्हा म्हणेन. कंटाळलात तरी रेडिओ बंद करू नका.

हल्ली वर्गात पडद्यावर स्लाइड दाखवतात. त्यात वाईट काही नाही. अक्षर मागच्या बाकापर्यंत दिसतं आणि खडूची धूळ छातीत जात नाही. तास संपला की सर तीच स्लाइड ग्रुपवर टाकतात. आता आपल्या जिल्ह्यात ती कुठं उघडते ते बघा. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या गावं सोडतात. दहावीचं लेकरू बऱ्याचदा आजीजवळ मागं राहतं, कारण पट्टा पडायच्या आधीच बोर्डाची परीक्षा येते. घरातला फोन बापाबरोबर कोपीवर गेलेला. लेकरू शेजाऱ्याच्या फोनवर स्लाइड बघून वहीत उतरवून घेतं. सरांनी वर्गात तोंडानं सांगितलेलं त्या स्लाइडवर काहीच नसतं.

एक स्लाइड सांगतो. कागद-पेन्सिल घ्या. दोन एक्स वर्ग बरोबर पाच एक्स अधिक तीन. हे वर्गसमीकरण सूत्रानं सोडवायचं आहे. स्लाइडवर एवढंच होतं:

2x² = 5x + 3
a = 2, b = −5, c = −3
x = (−b ± √(b² − 4ac)) / 2a
∴ x = 3 किंवा x = −1/2

चार ओळी, सगळ्या बरोबर. पण पहिल्या ओळीतून दुसरीत कसं आलो? पाच अधिक होते, ते उणे कसे झाले? तिसऱ्या ओळीतून चौथीत येताना तर पाच-सहा कामं झाली आहेत आणि ती सगळी त्या तीन टिंबांच्या ‘म्हणून’ने गिळली आहेत.

आपल्याकडच्या जुन्या बारवेत उतरला असाल. पायऱ्या दगडी, एकेक हात उंच. मधली एखादी निखळलेली असेल तर मोठा माणूस तिथं टांग टाकून उतरतो. आपण टांग टाकली हे त्याच्या लक्षातही येत नाही. लहान पोर तिथंच थांबतं. आपण गणिताचे मास्तर त्या मोठ्या माणसासारखे. तीस वर्षं त्याच बारवेत उतरतोय, निखळलेली पायरी आम्हाला दिसतच नाही. म्हणून स्लाइडवरून उत्तर लिहायला बसाल तेव्हा आधी स्लाइड उलटी ठेवा, कोऱ्या कागदावर गणित स्वतः सोडवा आणि हात जिथं जिथं थांबेल तिथं आकडा टाका. मग स्लाइड समोर धरा. तुमच्या कागदावर नऊ ओळी आणि स्लाइडवर चार, तर पाच पायऱ्या गळाल्या.

आणि बारवेत शेवाळ असतं. ‘जपून रे, शेवाळलंय’ हे पोराचा पाय पडायच्या आधी ओरडायचं असतं. पडल्यावर वरून ओरडून काय उपयोग? तळाशी चौकट करून ‘नेहमी होणाऱ्या चुका’ असं छापणारी पुस्तकं माझ्याकडं कपाटभर आहेत. ती चौकट पोर वाचतं तेव्हा त्याचं ढोपर फुटलेलं असतं. इशारा पायरीच्या आधी. दुसऱ्यांदा म्हणालो.

आता तीच स्लाइड मी वहीत कशी मांडली ते ऐका.

सुरुवातीलाच इशारा: उजव्या बाजूला शून्य नाही, तोवर a, b, c लिहायचे नाहीत. मग पायरी. 5x आणि 3 दोन्ही बाजूंतून वजा केले, 2x² − 5x − 3 = 0 हे सामान्यरूप मिळालं.

हा इशारा इथंच का, ते सांगतो. एका मुलीच्या वहीत उत्तर होतं उणे एक आणि उणे तीन छेद दोन. सरांनी लाल फुली मारली होती, बाजूला अक्षर नाही. मी म्हटलं, हे उत्तर येतं कुठून, शोधू. तिनं मूळ समीकरणातूनच a दोन, b पाच, c तीन घेतले होते. विवेचक पंचवीस वजा चोवीस, म्हणजे एक. एकाचं वर्गमूळ एक. उणे पाच अधिक-उणे एक, भागिले चार. बघा, कसं सुबक उत्तर आलं. वर्गमूळ अडलं नाही, अपूर्णांकही सोपा. कुठं ठेच लागली असती तर ती थांबली असती. ठेच लागलीच नाही.

पुढचा इशारा: b उणे असेल तर मांडताना त्याला कंस घाला. मग पायरी: b² − 4ac = (−5)² − 4 × 2 × (−3) = 25 + 24 = 49.

या एका ओळीवर दोन जागी शेवाळ आहे. कंस न घालता नुसतं उणे पाचचा वर्ग लिहिला की पोर उणे पंचवीस करतं. त्यात चोवीस मिळवले की उणे एक. मग ते आत्मविश्वासानं लिहितं, ‘मुळे वास्तव नाहीत’, आणि वही मिटतं. दुसरं पोर पंचवीस बरोबर काढतं, पण c चं उणे विसरतं. त्याला पंचवीस वजा चोवीस एक मिळतो आणि उत्तर येतं तीन छेद दोन आणि एक. तेही सुबक!

त्यापुढं सूत्रात −b आहे आणि आपला b आधीच उणे आहे, म्हणून −b म्हणजे अधिक पाच. इथं उणे पाचच ठेवलं तर मुळं येतात एक छेद दोन आणि उणे तीन. खरी मुळं तीन आणि उणे एक छेद दोन. म्हणजे आकडे तेच, चिन्हं उलटी. वहीत अशी उलट्या चिन्हांची जोडी दिसली की मास्तरांनी आधी b चं चिन्ह तपासावं. चुकीचं उत्तर म्हणजे शेवाळावरची घसरण आहे, ती बघून पाय कुठं निसटला ते कळतं. त्यामुळं इशारे आपल्या मनानं रचू नका. विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या काढा, चुकलेली उत्तरं घ्या आणि उलटं चालत जा. आणि एका गणिताला दोन, फार तर तीन इशारे. पायरीपायरीवर पाटी लावली तर पोर पाट्या वाचत बसेल, पाण्यापर्यंत जाणार नाही.

चुकीची ओळ दाखवायची असेल तर बरोबर ओळीच्या खाली तशीच लिहू नका. घाईत पोर तीच उतरवून घेतं. ती शब्दांत सांगा किंवा वर ठळक काट मारा.

शेवटच्या पायरीत x = (5 ± 7)/4. भागाकाराची रेघ पाचच्याही खाली आली पाहिजे. फक्त साताला चारनं भागणारी मुलं दर वर्षी भेटतात. त्यांना ‘अख्ख्याला भागा’ असं शंभरदा सांगून उपयोग होत नाही, ते का ते दाखवावं लागतं. त्यासाठी श्रीधराचार्यांची रीत आहे. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात ती त्यांच्या नावासह दिली आहे. भास्कराचार्यांचं विज्जलविड म्हणजे आपलं बीड असं मानणारे आहेत, न मानणारेही आहेत, त्या वादात आज शिरत नाही. रीत अशी: दोन्ही बाजूंना a च्या चौपटीनं गुणा आणि b चा वर्ग मिळवा. आपल्या गणितात 2x² − 5x = 3 ला आठनं गुणलं:

16x² − 40x = 24
16x² − 40x + 25 = 49
(4x − 5)² = 49
4x − 5 = 7 किंवा 4x − 5 = −7

पहिल्यातून 4x = 12, x = 3. दुसऱ्यातून 4x = −2, x = −1/2. पाच आधी पलीकडं गेले, सातात मिळाले, आणि मग सगळ्यालाच चारनं भागलं. भागाकाराची रेघ लांब का, ते इथं डोळ्यांनी दिसतं. मला विचाराल तर सूत्राच्या स्लाइडआधी ही चार ओळींची स्लाइड हवी.

मग ताळा. एक्सच्या जागी तीन घाला: डावीकडं दोन गुणिले नऊ, अठरा. उजवीकडं पंधरा अधिक तीन, अठरा. उणे एक छेद दोनला दोन्हीकडं एक छेद दोन येतो. त्या मुलीचं उणे एक घालून बघा: डावीकडं दोन, उजवीकडं उणे दोन. अर्ध्या मिनिटात चूक पकडली. पण ताळा मूळ समीकरणात करायचा, आपण मांडून घेतलेल्यात नाही. सामान्यरूप करतानाच चुकलं असेल तर त्यात केलेला ताळा खुशाल जुळतो आणि फसवतो.

एक राहिलंच. उणे मूळ आलं की काही मुलं ‘उणे असू शकत नाही’ म्हणून खोडतात. शाब्दिक उदाहरणात शेताची लांबी उणे नसते हे खरं, नुसत्या समीकरणात मात्र खोडायचं नाही. यावर भास्कराचार्यांचं वानरांचं उदाहरण फार सुंदर आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे उरतात त्यांचा वर्ग गुहेत गेला, एक वानर फांदीवर दिसतो, तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, पन्नास आणि पाच. आणि पाच हे उणे नसूनही भास्कराचार्य ते घेत नाहीत. कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन... काचेपलीकडून हात दाखवताहेत. हे राहू द्या, तुम्हीच पुरं करा.

शिक्षक मित्रहो, आज रात्री एकच स्लाइड घ्या. तिच्यातले ‘म्हणून’ मोजा, प्रत्येकाच्या जागी गळालेल्या पायऱ्या लिहा आणि मग ती ग्रुपवर टाका. इशारा कुठं लिहायचा ते मी तिसऱ्यांदा सांगत नाही. आणि उणे पाचला कंस घाला.